तेच तेच ऐकू येतंय, म्हणून थांबायचं? ऊसतोड कुटुंबांच्या मुलाखती आणि संपृक्ततेचा निर्णय

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, धारूर-वडवणीच्या बाजूला, एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी मुलाखती घेत होती. तिचा प्रश्न नेमका होता. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतली, दसरा-दिवाळीच्या सुमारास गाडी भरली की नवरा-बायको ऊस तोडायला निघतात आणि थेट कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परततात. या सहा महिन्यांत शाळेच्या वयाचं मूल कुठे राहणार? आजीजवळ, गावातल्या हंगामी वसतिगृहात, नातेवाइकांकडे, की सोबत फडावर? आणि हे घरात ठरतं कसं? तिला मुख्यतः आयांशी बोलायचं होतं.

चौदावी मुलाखत झाल्यावर तिने मार्गदर्शकांना कळवलं, "सर, आता तेच तेच यायला लागलंय. सॅच्युरेशन झालं असं वाटतं. थांबू का?"

मुलाखतींवर काम करणारा प्रत्येक जण या प्रश्नापाशी येऊन थांबतो आणि बहुतेकदा उत्तर मनाच्या कौलावर सोडून देतो. प्रबंधात मग एकच वाक्य उरतं: 'माहितीची संपृक्तता आल्यावर मुलाखती थांबवल्या.' बहिःस्थ परीक्षक त्याच वाक्यावर बोट ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. म्हणून या एका प्रकरणात तो निर्णय कसा तपासला गेला, ते सविस्तर मांडतो. प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. विद्यार्थिनी, तिच्या मुलाखती आणि कोडांचे, म्हणजे बोलण्यातल्या एकेका मुद्द्याला दिलेल्या नावांचे, आकडे उदाहरणाचे आहेत. ऊसतोडीचं जग आणि पद्धतीवरच्या संशोधनाचे दाखले मात्र खरे आहेत.

आराखड्यातलं 'किंवा'

संशोधन सल्लागार समितीने सुरुवातीलाच विचारलं होतं, "नमुना किती?" तिने आराखड्यात लिहिलं, '12 ते 15 मुलाखती किंवा संपृक्तता येईपर्यंत.' बारा हा आकडा आला 2006 साली ग्रेग गेस्ट, आर्वेन बन्स आणि लॉरा जॉन्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून. घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या 60 मुलाखती त्यांनी टप्प्याटप्प्याने तपासल्या. आशयातून आलेल्या 109 कोडांपैकी 80 पहिल्या 6 मुलाखतींत सापडले आणि 100 पहिल्या 12 मुलाखतींत. तेव्हापासून 'बारा पुरेत' हे वाक्य प्रबंधाप्रबंधांतून फिरतं आहे.

त्या वाक्याच्या अटी मात्र मागेच राहिल्या. तिथे बोलणाऱ्या स्त्रिया बऱ्याच अंशी सारख्या परिस्थितीतल्या होत्या, सगळ्यांना जवळपास तेच प्रश्न विचारले गेले होते आणि अभ्यासाचा विषय अरुंद होता. या अटी लेखकांनी स्वतःच सांगितल्या आहेत. ऊसतोड कुटुंबांचा गट तसा एकसारखा आहे का? बाहेरून पाहिलं तर हो, सगळेच कोयता घेऊन जाणारे. आत शिरलं की घराघरात फरक. कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कुणाच्या नाही. कुणाचं मूल पाच वर्षांचं, कुणाची मुलगी तेरा वर्षांची. कुणी नवरा-बायको मिळून पूर्ण कोयता, कुणी एकटी बाई अर्धा कोयता. मूल कुठे राहणार हे ठरतं ते याच फरकांवर, आणि संशोधनाचा प्रश्नही तोच आहे. अशा वेळी बारा हा आकडा उसना घेऊन चालत नाही.

'किंवा'ची दुसरी अडचण अशी की संपृक्तता आली हे कशावरून ओळखायचं, ते आराखड्यात कुठेच नव्हतं. थांबण्याचा नियम आधी लिहिलेला नसेल तर थांबावंसं वाटेल तेव्हा कारण सापडतंच. उन्हाळा संपत आला, जीपचं भाडं परवडेना, शिष्यवृत्तीचा अहवाल द्यायचा आहे, ही सगळी थांबण्याची खरी कारणं असतात. ती असणं गैर नाही. त्यांना संपृक्तता म्हणणं गैर आहे.

आधी कोड तपासले

मार्गदर्शकांनी पहिल्यांदा मागितली ती कोडांची यादी. चौदा मुलाखतींवर मिळून 19 कोड होते, आणि शेवटचा नवा कोड सातव्या मुलाखतीत आला होता. म्हणजे सात मुलाखतींपासून नवं काहीच नाही. विद्यार्थिनीला वाटलेलं 'तेच तेच' यादीतही दिसत होतं.

मग त्यांनी एक कोड उघडायला सांगितला: 'आर्थिक अडचण'. तो चौदाही मुलाखतींत होता. त्याखाली जमवलेली वाक्यं एकापाठोपाठ एक मोठ्याने वाचली. एक आई म्हणत होती, उचल अंगावर आहे, ती फिटेपर्यंत एकाही दिवसाचा खाडा परवडत नाही. म्हणून पोराला ताप आला तरी गावी येता येत नाही. दुसरी म्हणत होती, पोरं मागे ठेवली तर दोन चुली पेटतात, इथलं राशन वेगळं आणि तिकडचं वेगळं. तिसरीच्या घरात मोठा मुलगा मोळ्या बांधायला हाताखाली लागत होता. चौथी सांगत होती की सासूला खर्चायला किती द्यायचे, यावरून दरवर्षी घरात भांडण होतं.

ही चार वेगवेगळी कारणं आहेत आणि ती मुलाला वेगवेगळ्या दिशांना ढकलतात. दोन चुलींचा खर्च मुलाला फडावर नेतो. खाड्याच्या भीतीने मूल गावी राहतं, पण आजारात आईविना राहतं. 'आर्थिक अडचण' या एका डब्यात ती चारही गेली की पाचवी, सहावी, दहावी मुलाखत त्याच डब्यात पडणार आणि नवं काही येत नाही असंच वाटणार. कोड जितका जाड, तितकी संपृक्तता लवकर. त्यामुळे 'नवा कोड आला नाही' हे सांगण्याआधी कोड किती बारीक आहेत हे सांगावं लागतं. प्रबंधांत मला हे क्वचितच दिसतं.

तिने चौदा मुलाखती पुन्हा कोड केल्या. कसोटी एकच ठेवली: दोन वाक्यांमुळे मुलाबद्दलचा निर्णय वेगळा होत असेल तर कोड वेगळा. तिच्या एका सहकारी विद्यार्थिनीने त्यातल्या चार मुलाखती स्वतंत्रपणे कोड केल्या, आणि जिथे मतभेद झाले तिथे दोघींनी बसून कोडाची व्याख्या लिहून काढली. आता 47 कोड झाले.

मोजणी

मोजायला त्यांनी 2020 साली गेस्ट, एमिली नेमी आणि मारिओ चेन यांनी मांडलेली साधी रीत घेतली. तिच्यात तीन गोष्टी आधी ठरवायच्या. पायाच्या मुलाखती किती, म्हणजे ज्यांतले कोड मापाला धरायचे. त्यापुढे एका वेळी किती मुलाखतींचा टप्पा तपासायचा. आणि नव्या माहितीचं प्रमाण किती खाली आलं की पुरे म्हणायचं. इथे पाया 6 मुलाखतींचा, टप्पा 3 मुलाखतींचा आणि मर्यादा 5 टक्के किंवा कमी अशी धरली.

पहिल्या 6 मुलाखतींत 40 वेगवेगळे कोड होते. सातवीत 3 नवे आले, आठवीत 2, नववीत 1, दहावीत 1, आणि अकरावीपासून चौदावीपर्यंत एकही नाही. म्हणजे 7 ते 9 या टप्प्यात 6 नवे कोड. 6 भागिले 40, म्हणजे 15 टक्के. टप्पा एकाने पुढे सरकवला की 8 ते 10 मध्ये 4, म्हणजे 10 टक्के. 9 ते 11 मध्ये 2, म्हणजे 5 टक्के. मर्यादा इथेच गाठली गेली. 10 ते 12 मध्ये अडीच टक्के आणि त्यापुढे शून्य.

हे सगळं एका स्प्रेडशीटमध्ये मावतं. उभ्या रकान्यांत मुलाखती घेतल्या त्या क्रमाने, आडव्या ओळींत कोड, आणि जो कोड ज्या मुलाखतीत पहिल्यांदा आला तिथे खूण. अट एवढीच की मुलाखत झाली की ती लगेच शब्दांकित होऊन कोड व्हायला हवी. सगळ्या मुलाखती घेऊन झाल्यावर महिन्यांनी एकदम कोडिंगला बसलं तर हा तक्ता मागाहून भरता येतो, पण त्यावरून थांबण्याचा निर्णय झाला असं म्हणता येत नाही. तो निर्णय आधीच होऊन गेलेला असतो.

क्रमाचा प्रभाव आहे का, हेही त्यांनी पाहिलं. एखादी बोलकी बाई पहिल्याच दिवशी भेटली तर बरेच कोड तिथेच येतात आणि रेघ लवकर सपाट दिसते. मुलाखतींचा क्रम अनेकदा उलटसुलट करून तोच हिशेब केला. बहुतेक क्रमांत मर्यादा दहाव्या ते तेराव्या मुलाखतीच्या दरम्यानच आली. आकड्यांच्या बाजूने आता काहीच उणं दिसत नव्हतं.

यादी कुठून आली?

याच वेळी मार्गदर्शकांनी एक साधा प्रश्न विचारला, "या चौदा घरांची नावं तुला कुणी दिली?"

नावं शाळेतून आली होती. दोन गावांतल्या जिल्हा परिषद शाळांच्या मुख्याध्यापकांनी हंगामी वसतिगृहाच्या आणि हजेरीच्या पटावरून कोणाकोणाचे आईबाप ऊसतोडीला जातात ते सांगितलं होतं. मदत मनापासूनची होती आणि विद्यार्थिनी बाहेरची असल्यामुळे तो रस्ता तिला सोयीचाही होता. पण हंगामात शाळेच्या पटावर ठळकपणे कोण असतं? मागे राहिलेलं मूल. जे दरवर्षी दिवाळीच्या आत गाडीत बसून फडावर जातं आणि एप्रिलमध्ये परत येतं, ते शिक्षकांच्या डोळ्यांसमोर फारसं नसतंच. चौदापैकी बारा घरांनी मुलं मागे ठेवली होती आणि उरलेल्या दोघांनी फक्त धाकटं मूल नेलं होतं.

म्हणजे मूल मागे कसं ठेवतात, या प्रश्नावर माहिती भरत आली होती. मूल कुठे ठेवायचं हे कसं ठरतं, या प्रश्नावर ती अर्धीच होती. क्रम कितीही उलटसुलट केला तरी हे उघड होणार नव्हतं, कारण जी माणसं तक्त्यातच नाहीत ती कुठल्याच क्रमात येत नाहीत. सपाट रेघ फक्त एवढं सांगते की याच दारांवर आणखी टकटक केली तर नवं फारसं हाती लागणार नाही. शेजारची दारं कोणती, हे संशोधकाला विषयाच्या जाणकारीवरून ठरवावं लागतं. ते सांगणारं सूत्र नाही.

पंधरावी मुलाखत

पुढच्या घरांसाठी शाळेचा रस्ता सोडला. आशाताई, रेशन दुकानासमोर बसणाऱ्या बायका आणि आधीच्या मुलाखतींतल्या आयांनी सांगितलेल्या जावा-नणंदा यांच्यामार्फत मुलं सोबत नेणारी घरं शोधली. त्यात एक तांडाही आला. मुकादमामार्फत जायचं टाळलं. ज्याच्याकडून उचल घेतली तोच ओट्यावर बसलेला असताना कुणी वेगळं बोलत नाही, आणि तिथलं 'तेच तेच' हे भीतीतून आलेलं असतं.

पंधराव्या मुलाखतीत 6 नवे कोड आले. सोळावीत 4. सतरावीत, पहिल्या नोंदीप्रमाणे, शून्य.

या शून्यावर थांबून पाहायला हवं. मुलाखत तांड्यावर झाली होती. बाई गोरबोलीत, म्हणजे बंजारा समाजाच्या बोलीत, बोलत होत्या आणि तांड्यावरचाच एक कॉलेजातला मुलगा मराठीत सांगत होता. ध्वनिमुद्रण ऐकलं तर बाई एका प्रश्नावर बराच वेळ, आवाज चढवत, मध्येच थांबत बोलल्या होत्या. मराठीत त्याचं आलं होतं, "परवडत नाही म्हणून नेतात." मुलाने फसवलं नव्हतं. पाहुणीला समजेल असं आवरून सांगितलं होतं, इतकंच. शिवाय काही गोष्टी त्या बाईंनी बाईमाणसाला सांगितल्या होत्या आणि त्या पोराच्या तोंडून येणं अवघड होतं. विद्यापीठातल्या गोरबोली बोलणाऱ्या एका मुलीने ते ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवून मराठीत आणलं, तेव्हा त्याच मुलाखतीतून 3 नवे कोड निघाले. मुलगी वयात आली, तिला मागे ठेवली तर गाव काय म्हणेल. फडावर नेली तर कोपीला, म्हणजे तिथल्या झोपडीला, दार नाही. आणि नात्यातून तिच्या लग्नाचं विचारलं गेलं आहे, म्हणजे पुढच्या हंगामाला तिचा स्वतःचाच कोयता होईल.

दुभाष्यामार्फत घेतलेल्या मुलाखती लवकर संपृक्त दिसतात, कारण वेगवेगळ्या बोलण्याला दुभाषा एकसारखी वाक्यं देत जातो. मराठवाड्यात तांड्यांवर काम करणाऱ्याने हे मनात पक्कं ठेवावं. संपृक्तता मोजायची ती मूळ बोलण्याच्या शब्दांकनावर. दुभाष्याने जागेवर सांगितलेल्या सारांशावर ती मोजू नये.

पुढच्या सहा मुलाखतींत नवे कोड असे आले: अठरावीत 2, एकोणिसावीत 1, विसावीत 1, आणि एकविसावी ते तेविसावी शून्य. दुसऱ्या गटातून एकूण 17 नवे कोड. एकूण कोड 47 वरून 64 वर गेले. चौदावर थांबली असती तर यातला एकही हाती लागला नसता आणि तक्ता तरीही शून्य टक्के दाखवत राहिला असता.

हिशेबातली एक बारीक गोष्ट इथे येते. दुसऱ्या गटाचे नवे कोड पहिल्या गटाच्या 40 ने भागायचे का? तसं केलं तर 15 ते 17 या टप्प्याचं प्रमाण 13 भागिले 40, म्हणजे साडेबत्तीस टक्के येतं. रेघ पुन्हा उसळली हे दाखवायला ते पुरतं. पण दुसरा गट भरला का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी त्या गटाचा स्वतंत्र पाया धरावा लागतो. 15 ते 20 या 6 मुलाखतींत, जुने आणि नवे मिळून, 38 वेगवेगळे कोड होते. 21 ते 23 या टप्प्यात त्या गटासाठी नवा असा एकच कोड आला, तोही पहिल्या गटात आधीच नोंदलेला. 1 भागिले 38, म्हणजे 2.6 टक्के. दोन्ही गटांनी आपापली मर्यादा स्वतंत्रपणे गाठली, आणि प्रबंधात तसंच लिहिता आलं.

कोड भरले, अर्थ भरला का?

2017 साली मोनिक हेनिंक, बॉनी कायझर आणि व्हिन्सेंट मार्कोनी यांनी 25 मुलाखतींचा एक संच तपासून दाखवलं की कोड सापडणं आणि ते नीट कळणं या दोन वेगळ्या वेळा आहेत. त्यांच्याकडे कोड 9 मुलाखतींत भरले. त्या कोडांचा अर्थ सगळ्या बाजूंनी कळायला 16 ते 24 मुलाखती लागल्या. आकडे त्यांच्या विषयाचे आहेत, जसेच्या तसे इथे आणायचे नाहीत. फरक मात्र इथेही लागू पडतो.

'घरी आजी आहे' हा कोड दुसऱ्याच मुलाखतीत आला होता. कोडांच्या तक्त्यात त्याचं काम तिथेच संपलं. विद्यार्थिनीने आता चार मध्यवर्ती कोडांसाठी वेगळी वही घातली: आजी, मुलगी वयात येणं, वसतिगृहावरचा विश्वास, उचलीचा आकार. प्रत्येक मुलाखतीत त्या कोडाबद्दल कोणती नवी बाजू कळली, एवढंच त्यात लिहायचं.

आजीच्या पानावर अकराव्या मुलाखतीपर्यंत तीन ओळी होत्या. आजी जेवू घालते, रात्री सोबत असते, शाळेत धाडते. एकोणिसाव्या मुलाखतीत एक आई म्हणाली, "आत्याबाईला नीट दिसत न्हाई. मागल्या साली पोरीला ठिवली व्हती तिच्यापाशी, तर पोरगीच तिला सांभाळायची. पाणी आणायची, भाकरी करायची. साळंत गेलीच न्हाई. म्हणून औंदा संगं नेली."

या एका उत्तराने पहिल्या गटातल्या घरांकडे पाहण्याची नजर बदलली. 'आजी आहे म्हणून मूल मागे राहतं' असं जिथे लिहून ठेवलं होतं, तिथे कोण कोणाला सांभाळत होतं हे कधी विचारलंच नव्हतं. मुलाखत मार्गदर्शिकेत तो प्रश्नच नव्हता. प्रश्न तेच राहिले की उत्तरंही तीच येतात, आणि हेही संपृक्ततेसारखं दिसतं. मार्गदर्शिकेत एक प्रश्न वाढवला, "मागच्या हंगामात आजी आजारी पडली तेव्हा घरात कुणी काय केलं?" आणि मुलं मागे ठेवणाऱ्या आणखी तीन घरांत ती गेली. चोविसाव्या मुलाखतीत उलट्या सांभाळाचीच दुसरी तऱ्हा दिसली. मुलगी आजीला बघते, आणि दोघींवर लक्ष ठेवायला शेजारच्या जावेला आई पट्टा पडल्यावर साडी घेते. पंचविसावी आणि सव्विसावी यांत नवी बाजू आली नाही. आजीच्या पानावर तिने रेघ ओढली.

'मुलगी वयात येणं' या पानावर तशी रेघ ओढता आली नाही. कोड तर कधीच आला होता, पुष्कळ घरांत आलाही होता. पण बोलणं दरवेळी एका वाक्यावर तुटायचं. "आता ती मोठी झाली ना," आणि पुढे गप्प. नवी बाजू येत नव्हती याचं कारण बाजू संपल्या हे नव्हतं. एका भेटीच्या ओळखीवर कुणी तेवढं सांगत नाही. या मौनाला अर्थ भरल्याची खूण समजणं चुकीचं ठरलं असतं, म्हणून त्या आशयसूत्रापुढे प्रबंधात 'कोड आढळला, अर्थाची संपृक्तता आली नाही' असं सरळ लिहिलं. मला हे वाक्य सव्वीस मुलाखतींपेक्षाही या अभ्यासाची विश्वासार्हता वाढवणारं वाटतं.

प्रबंधात काय लिहिलं

पद्धतीच्या प्रकरणात अखेर जे उतरलं, ते साधारण असं:

> 'ऊसतोडीला जाणाऱ्या 26 कुटुंबांतील आयांच्या मुलाखती घेतल्या. प्रत्येक मुलाखत पुढील मुलाखतींच्या आधी शब्दांकित व कोड केली. थांबण्याचा नियम असा ठेवला: 6 मुलाखतींचा पाया, त्यापुढे 3 मुलाखतींचे सरकते टप्पे, आणि नव्या कोडांचे प्रमाण 5 टक्के किंवा कमी. मुले मागे ठेवणाऱ्या कुटुंबांत ही मर्यादा अकराव्या मुलाखतीला गाठली गेली. ही कुटुंबे शाळेमार्फत निवडलेली असल्याने मुले सोबत नेणाऱ्या 9 कुटुंबांचा गट नंतर जाणीवपूर्वक जोडला. त्यातून 17 नवे कोड मिळाले. त्या गटातही स्वतंत्र पाया धरून ही मर्यादा गाठली गेली. चार मध्यवर्ती कोडांपैकी तिघांबाबत अर्थाची संपृक्तता आली असे नोंदींवरून दिसते. "मुलगी वयात येणे" याबाबत तसा दावा नाही.'

यासोबत परिशिष्टात तीन गोष्टी जोडल्या: मुलाखतवार नव्या कोडांचा तक्ता, कोडांच्या व्याख्यांची यादी आणि मार्गदर्शिकेत कधी कोणता बदल केला याची नोंद. 'नियम असा ठेवला' या शब्दांपुढे एक तळटीपही घालायला लावली. नियम चौदाव्या मुलाखतीनंतर ठरला, पहिल्या चौदा मुलाखती तेव्हाच पुन्हा कोड करून त्यांना तो मागाहून लावला आणि दुसऱ्या गटाला तो आधीपासून लागू होता. परीक्षकाला हे तक्त्यावरून दिसणारच असतं. आपण आधी सांगितलेलं बरं.

काय लिहिलं नाही, तेही महत्त्वाचं. बार्नी ग्लेझर आणि अॅन्सेल्म स्ट्रॉस यांनी 1967 साली मांडलेल्या सैद्धान्तिक संपृक्ततेचा दाखला काढून टाकला. तिथे सिद्धान्त घडवताना एकेका वर्गाचे गुणधर्म भरत जाण्याबद्दल बोलणं आहे आणि पुढचा नमुनाही त्या घडत्या सिद्धान्तावरून निवडायचा असतो. या अभ्यासात सिद्धान्त घडवलेला नव्हता, व्याख्या ठरवून कोडांचं आशय-विश्लेषण केलेलं होतं. त्याला कोडांची मोजणी शोभते. तिने व्हर्जिनिया ब्राऊन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांची चिंतनशील आशय-विश्लेषणाची रीत घेतली असती तर मात्र हा सगळा हिशेबच विसंगत ठरला असता. अर्थ संशोधकाच्या वाचनातून घडतो, माहितीत दडलेला असून संपत नाही, अशी त्या दोघींची भूमिका आहे आणि संपृक्ततेच्या दाव्यावर त्यांनी उघड आक्षेप घेतला आहे. तिथे किर्स्टी माल्टेरुड यांच्या गटाने 2016 मध्ये सुचवलेली माहितीच्या बळाची कल्पना जास्त उपयोगी पडते. प्रश्न किती अरुंद, माणसं किती नेमकी, आधाराला सिद्धान्त आहे का, संवाद किती कसदार, विश्लेषण एका घराचं खोल की अनेक घरांचं तुलनात्मक, यांवरून मुलाखती किती लागतील याचा अंदाज बांधायचा. एकाच प्रबंधात पद्धत ब्राऊन-क्लार्कची आणि समर्थन गेस्टचं, असं मी अनेकदा वाचतो. जाणकार परीक्षक तिथे थांबतोच.

समितीत पुढच्या सादरीकरणाला एका सदस्यांनी विचारलं, "सव्वीस का? तीस केल्या असत्या तर?" तिने तक्ता पडद्यावर लावला आणि सांगितलं, "सर, याच दोन तऱ्हांच्या घरांत आणखी चार केल्या असत्या तर बहुधा एखाद-दुसरा कोड वाढला असता. पण मला चार आणखी मिळाल्या असत्या तर मी त्या इथे घातल्या नसत्या. अर्धा कोयता म्हणून जाणाऱ्या एकट्या बायांकडे गेले असते. सव्वीसमध्ये तशा दोघीच आहेत आणि दोघींचं बोलणं एकमेकींशी जुळत नाही. त्यांच्याबद्दल मी संपृक्ततेचा दावा केलेला नाही."

त्या वेळी ऑक्टोबर सरत आला होता आणि यादीत हेरून ठेवलेल्या पाचही एकट्या बाया गाडीने निघून गेल्या होत्या. मर्यादांच्या प्रकरणात तिने तेच कारण दिलं, 'हंगाम सुरू झाल्याने', आणि पुढच्या उन्हाळ्यात, पट्टा पडल्यावर, त्या पाच घरांपासून सुरुवात करायची असं समितीकडून मंजूर करून घेतलं.